मदत हवी आहे: सलग टाइप झालेल्या अभंगांची कडवी कशी पाडू?

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाची पुस्तिका कार्तिकातल्या काकड्याआधी छापायची आहे. अभंग वर्डमध्ये एकाच सलग परिच्छेदात टाइप होऊन आले. नमुना माझाच:

नाम घेता वाचे । शीण गेला सारा । विठ्ठल आसरा । भाविकांचा ॥१॥

आधी `||` आणि `।।` बदलून सगळीकडे `॥` केलं. मग Use wildcards लावून `(॥*॥)` शोधलं आणि `\1^p` टाकलं. बरीच कडवी नीट सुटली. पण जिथे आकड्यानंतरचा दंड राहून गेला, तिथे शोध थेट पुढच्या कडव्याच्या दंडापर्यंत धावतो आणि तिथून पुढचं सगळं घसरतं. फक्त ॥आकडा॥ आणि ॥धृ॥ एवढंच पकडणारा शोध कसा लिहायचा?

दुसरं, प्रत्येक `।` नंतर ओळ तोडली तर कडवं चार ओळींचं होतं. मला दुसऱ्या चरणानंतरच `^l` हवा आहे, म्हणजे "सारा" आणि "आसरा" हे यमक दोन ओळींत येईल. कडवं एकाच परिच्छेदात राहिलं की Keep lines together लावून ते पानावर तुटणार नाही. खंजिरी वाजवता वाजवता पान उलटणं फार अवघड जातं. ध्रुवपद प्रत्येक कडव्याखाली पूर्ण छापावं की नुसता पहिला शब्द?