पोंग्यातला भुसा बघा

"मक्याचे फोटो टाकलेत, लष्करी अळी का खोडकिडा?"

पहिल्या फोटोतल्या पांढऱ्या चट्ट्यांना भोक नाहीये, पातळ पापुद्रा राहिलाय, बारकी अळी नुसता हिरवा भाग खरवडते म्हणून पान काचेसारखं दिसतं, पण खोडकिडा पण सुरुवातीला असंच खरवडतो त्यामुळे एवढ्यावरून ठरवू नका. दुसरा फोटो बघा, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साठलीय आणि भोकं मोठी, फाटकी, खोडकिड्याची बारीक आणि ओळीत असतात. मला तरी लष्करीच वाटतेय. सकाळी पोंगा उकलून बघा, मोठ्या अळीच्या डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके दिसले की पक्कं. भुसा वाळलेला असेल तर मात्र नवीन पान बघा, नुकसान जुनं असू शकतं.