‘स्लगलाइन’ला मराठीत काय म्हणावं? (आणि पात्राचं नाव नेमकं कुठे?)

नवखी_पटकथा: पटकथेत दृश्याच्या सुरुवातीला जागा आणि वेळ सांगणारी ओळ असते ना, त्या स्लगलाइनला ‘दृश्यशीर्षक’ चालेल का? दुसरं म्हणजे, पात्राचं नाव ३.७ इंचांवर ठेवायचं असं वाचलं. वर्डमध्ये तसं केलं तर ते पार उजवीकडे जातंय.

कटिंगचहा: नाव मधोमध घ्यायचं, सेंटर अलाइन करून टाका. सोपं.

सेटवरचा: सेंटर नको. ‘बाबा’ आणि ‘इन्स्पेक्टर कुलकर्णी’ सेंटर केले की दोघांची सुरुवात वेगवेगळ्या जागी होते. सगळी नावं एकाच रेषेत सुरू व्हायला हवीत, म्हणजे पान चाळताना नजर सरळ खाली उतरते.

आता ३.७चा घोळ. हे माप कागदाच्या डाव्या कडेपासूनचं आहे, पण वर्डचा इंडेंट मोजला जातो समासापासून. डावा समास दीड इंच (पानं भोकं पाडून बांधतात म्हणून जास्त), बाकी तिन्ही बाजूंना साधारण एक. तुम्ही ३.७ घातलं, म्हणजे नाव कडेपासून ५.२वर गेलं. तिथे २.२ घाला. संवाद कडेपासून अडीच इंचांवर, म्हणजे इंडेंट १. रुंदी साडेतीन इंचांच्या आसपास.

```
आत. चाळीतली खोली - रात्र

सुमन स्टोव्हला पंप मारते. ज्योत पिवळी.

                      सुमन
          रॉकेल संपत आलंय.
```

रंगमंच_मागे: आम्ही नाटकात नाव डावीकडे, पुढे विसर्ग आणि त्याच ओळीत वाक्य लिहितो. एकांकिकेला हे इंच कशाला?

सेटवरचा: नाटकाला नकोतच, तुमची पद्धत बरोबर आहे. इथे प्रश्न पटकथेचा आहे. पान म्हणजे साधारण मिनिट हा अंदाज याच मापांवर उभा आहे, तोही १२ पॉइंट कुरियरमध्ये. कुरियरमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, त्यामुळे संगणक गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो आणि हिशोब हलतो. मराठी पटकथेत एखादं दृश्य मोठ्याने वाचून घड्याळ लावणंच बरं.

नवखी_पटकथा: जमलं! आता क्रियेच्या ओळीत ‘सुमनला आईची आठवण येते’ लिहिलंय, चालेल ना?

सेटवरचा: कॅमेऱ्याला आठवण दिसत नाही. ‘सुमन कपाटातली जुनी पितळी किसणी काढते, पुसते, परत ठेवते’ हे दिसतं. वर्तमानकाळात लिहा आणि तीन-चार ओळींनंतर परिच्छेद तोडा.

शब्दवेडा: मूळ प्रश्न राहिलाच. ‘दृश्यशीर्षक’ ऐकून दृश्याला नाव दिल्यासारखं वाटतं, ‘सुमनचं एकटेपण’ वगैरे. त्या ओळीत फक्त आत की बाहेर, जागा आणि वेळ असते. मी ‘स्थळकाळ-ओळ’ म्हणेन.

कटिंगचहा: सेटवर ‘स्थळकाळ-ओळ बदला’ म्हणून बघा, कोणी हलणार नाही. तिथे ‘सीन हेडिंग’च.

शब्दवेडा: बोलताना म्हणा हो. शिकवताना तरी?

सेटवरचा: एक मात्र बघा, इंग्रजीत ही ओळ कॅपिटल अक्षरांत असल्यामुळे वेगळी ओळखू येते. देवनागरीत ती सोय नाही, तेव्हा नाव काहीही द्या, ओळ ठळक करा.