चकोल्या करा
"आज रात्री जेवायला काहीतरी चविष्ट सुचवा ना!"

किती जण आहात? लसूण चालतो का, गव्हाचं कुणाला पथ्य नाही ना, आणि हाताशी तासभर आहे का? घरात तूरडाळ आणि कणीक असेल तर चौघांसाठी चकोल्या करा. वाटीभर डाळ शिजवून घोटा, दोन वाट्या कणीक तिखट-मीठ घालून घट्ट भिजवा. लसणाच्या फोडणीत डाळ, चिंच-गूळ, गोडा मसाला आणि पाच-सहा वाट्या पाणी घाला. आमटी पातळच हवी, कणीक बरंच पाणी पिते. खळखळ उकळली की पोळी लाटून कापलेले शंकरपाळ्यासारखे तुकडे थोडे थोडे सोडा; एकदम टाकले तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांनी एक तोडून बघा. मध्ये पांढरट रेघ दिसली तर अजून कच्चा आहे. वरून साजूक तूप, सढळ हाताने.