मदत हवी आहे: चॅटमधील इंग्रजीत कर्ता केव्हा गाळावा?

नमस्कार. ईमेलमध्ये मी ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड द फाइल’ असे लिहिते. त्यातील भूतकाळ काळ दाखवत नसून विनंतीतला आग्रह कमी करतो, हे ‘मला विचारायचे होते’ या आपल्या प्रयोगामुळे सहज उमगते. माझी अडचण चॅटची आहे. तेथे सहकारी ‘विल सेंड बाय फाइव्ह’ असे कर्ता गाळून लिहितात आणि तो ‘आय’ आहे हे सर्वांना कळते. मराठीत ‘पाठवीन’, ‘पाठवशील’ या क्रियापदांतूनच कर्ता समजतो. इंग्रजीतील ‘विल’ मात्र सर्व पुरुषांत तेच राहते. परवा मी वरिष्ठांना ‘विल सेंड द रिपोर्ट टुडे?’ असे विचारले, तेव्हा मीच अहवाल पाठवणार आहे असा त्यांचा समज झाला आणि दिवसभर कोणीच तो पाठवला नाही. ‘विल यू’ लिहायला हवे होते, हे आता कळते. परंतु ‘गॉट द फाइल?’ यात ‘यू’ गाळलेले चालते, मग येथे का चालत नाही? जाणकारांनी कृपया यामागचा नियम उदाहरणांसह समजावून सांगावा.