घोडबंदर रोडलगतचं घर, रात्रभर ट्रक : खिडकी बदलू की आणखी काही?

दुसरा_मजला
नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला लागून भाड्याचा वन बीएचके आहे, दुसरा मजला. बेडरूमची खिडकी थेट रस्त्यावर. रात्री अकरानंतर अवजड गाड्यांची जी रांग लागते ती पहाटेपर्यंत. सलग घरघर एक वेळ चालते, पण एअर ब्रेक सुटला की दोघंही दचकून उठतो. त्यात पलीकडच्या मैदानात कार्यक्रम असला की स्पीकर, आणि वरच्या मजल्यावर साडेबाराला काहीतरी ओढल्याचा आवाज. बायकोला सातवा महिना आहे, तिच्या झोपेची फार काळजी वाटते. जाड पडदे लावले, काही फरक पडला नाही. एका दुकानदाराने दुहेरी काचेची खिडकी सुचवली आहे, चाळीस हजार सांगतो. भाड्याच्या घरात एवढा खर्च करावा का?

कांदेपोहे८२
खोलीच्या भिंतींना तो खाचाखाचांचा फोम लावा. माझ्या भावाने रेकॉर्डिंगच्या खोलीत लावलाय, आत एकदम शांत वाटतं. ऑनलाइन स्वस्तात मिळतो.

खिडकीवाला
मी गेली सतरा वर्षं ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसी खिडक्यांचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पोहेदादा, फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, त्यामुळे आत शांत वाटतं ते खरं. पण बाहेरून येणारा आवाज तो अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. पडद्यांनी फरक पडला नाही तोही याचमुळे.

दुसरा_मजला, तुमची खिडकी बहुतेक सरकती असणार. दोन काचा आणि एक जाळी, तीन ट्रॅकवर. अशा खिडकीत दोष काचेपेक्षा फटींचा जास्त असतो. खिडकीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी काच कितीही जाड लावा, आवाज साधारण २० डेसिबलच्या वर घटत नाही. म्हणून आधी फटी शोधा. पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या आणि पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. जिथे धूर आडवा पळतो तिथे फट आहे. दोन काचा मध्ये एकमेकींवर येतात तो उभा सांधा, खालचा ट्रॅक आणि एसीचा पाइप जिथून बाहेर जातो ते भोक, या तीन जागा आधी बघा.

सांध्यातला ब्रश झिजून चपटा झाला असेल तर बदलून घ्या. फॅब्रिकेटरकडे मीटरवर मिळतो, काम तासाभराचं आहे. एसीच्या भोकात बाहेरून सिलिकॉन आणि आतून पुट्टी. एक मात्र सांभाळा, खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात, ती बुजवू नका. नाहीतर जुलैत पाणी थेट गादीवर येईल.

दुहेरी काचेबद्दल सांगायचं तर दोन काचांत जेमतेम बोटभर अंतर आणि दोन्ही सारख्याच जाडीच्या असतील, तर ती उष्णतेसाठी चांगली, ट्रकच्या घरघरीला फारशी उपयोगी नाही. त्याच पैशात, आहे ती खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला दुसरी खिडकी बसवा. मध्ये निदान चार इंच अंतर, काच लॅमिनेटेड, पल्ला दारासारखा उघडणारा आणि चारी बाजूंनी रबरी गास्केट. घर सोडताना काढून नेता येते, पण नव्या घरात माप जुळेलच असं नाही.

रात्रपाळी_सिस्टर
माझं उलटं आहे हो. मी नर्स आहे, रात्री ड्युटी आणि सकाळी नऊला झोप. तेव्हा खालच्या दुकानात ड्रिल चालू असतं आणि दिवसा कुणाला काही म्हणताही येत नाही. मी फोमचे इअरप्लग वापरते. वहिनींनाही चालतील, पण बहुतेक लोक ते नुसते कानाच्या तोंडाशी ठेवतात आणि म्हणतात, उपयोग होत नाही. स्वच्छ हातांनी प्लग चोळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो. मळला की टाकून द्या. कानात मळ साठलेला असेल किंवा कान वाहत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. उठायला फोन व्हायब्रेटवर ठेवून उशीखाली. बाळ आल्यावर मात्र दोघांनी एकाच वेळी प्लग घालून झोपू नका.

कांदेपोहे८२
फोमचं चुकलं माझं. पण स्पीकरचं काय? सणाला तर बारापर्यंत परवानगीच असते ना?

शनिवारपेठ_काका
रोज नसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-समारंभासाठी राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. ते दिवस आधीच जाहीर होतात, ती यादी मिळवून ठेवा. बाकी दिवशी दहा वाजून गेले की ११२ ला फोन करायचा, मैदानाची नेमकी खूण सांगायची आणि वेळ टिपून ठेवायची. आमच्याकडे पहिल्या फोनला आवाज अर्धा तास उतरला आणि परत चढला. दुसऱ्या फोननंतर बंद झाला. नाव सांगायची भीती वाटत असेल तर नाव गुप्त ठेवा असं स्पष्ट म्हणा. मंडळातल्या पोरांशी दुपारी शांतपणे बोललो तेव्हा त्यांनी स्पीकरची तोंडं फिरवली, त्याचाही उपयोग झाला.

खिडकीवाला
काकांशी सहमत. स्पीकरचा ठोका हा खालचा सूर. तो खिडकीने थोडाच अडतो आणि प्लगनेही पूर्ण जात नाही. तिथे उगमाशीच बंद करायला हवं.

वरच्या मजल्याचा आवाज तर स्लॅबमधून येतो, तो तुमच्या खोलीत काहीही लावून थांबणार नाही. त्यांच्या खुर्ची-पलंगाच्या पायांना रबराचे बूट बसले पाहिजेत. तुम्हीच घेऊन जा आणि वहिनींची अवस्था सांगा.

दुसरा_मजला
दहा दिवसांनी लिहितोय. उदबत्ती फिरवली. मधल्या सांध्यापाशी धूर थोडाच हलला, पण एसीच्या पाइपपाशी सरळ आत ओढला गेला. प्लास्टिकची टोपी काढली तर मागे मूठ जाईल एवढं भोक, त्यातून खालच्या रिक्षांचे दिवे दिसत होते! ते बुजवलं, ब्रशही बदलला. सगळे मिळून साडेआठशे रुपये गेले. पलंग खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावला आणि टेबल फॅन चालू ठेवतो, त्याच्या सलग आवाजात हॉर्न तेवढा टोचत नाही. एअर ब्रेकचा आवाज अजून येतो, पण आता दोघंही दचकून उठत नाही. बायको काल सलग पाच तास झोपली.

वरच्या काकूंकडे रबराचे बूट घेऊन गेलो. त्यांचा मुलगा दुसऱ्या पाळीहून साडेबाराला येतो आणि फोल्डिंगचा पलंग उघडतो. बूट त्यांनी लगेच लावले, ओढण्याचा आवाज गेला, पण पलंग उघडतानाचा धप्प आवाज तसाच आहे. त्या पोरालाही झोपायचंच आहे, त्याला काय सांगणार?

खिडकीवाला दादा, एक राहिलं. खिडकी पूर्ण बंद ठेवली की एसीशिवाय पहाटे खोली कोंदट होते, आणि बायकोला एसीची थंडी सोसत नाही. हवा येईल पण रस्ता ऐकू येणार नाही असं काही असतं का?

खिडकीवाला
आतून फोम लावलेली, वळणं घेत जाणारी हवेची पेटी येते, पण ती बसवायला भिंत फोडावी लागते. मालक परवानगी देणार असतील तरच. तोवर बेडरूमचं दार उघडं ठेवून मागच्या बाजूची खिडकी उघडून बघा. तुमच्याकडे मागे काय आहे, चौक की डक्ट?

दुसरा_मजला
डक्ट. आणि तिथे सोसायटीचा पंप पहाटे साडेपाचला सुरू होतो.