‘राष्ट्रपती’ खोडून ‘उपराष्ट्रपती’ लिहिले, तर दुरुस्तीचा गुण द्यायचा की नाही?

सुदामानगर: माझी मुलगी नववीत आहे. तिमाहीच्या नागरिकशास्त्राच्या पेपरात ‘सत्य की असत्य ते लिहा, असत्य विधान दुरुस्त करून लिहा’ या प्रश्नात एक विधान होते : ‘राष्ट्रपतींची निवड संसदेचे सर्व सदस्य करतात.’ (पेपर हिंदीत होता, इथे मराठीत देते.) तिने ‘असत्य’ लिहिले आणि दुरुस्ती केली : ‘उपराष्ट्रपतींची निवड संसदेचे सर्व सदस्य करतात.’ असत्य ओळखल्याचा अर्धा गुण मिळाला, दुरुस्तीचा अर्धा कापला. वाक्य खरे झाले की नाही? मग कापला कशाला? हल्लीचे शिक्षक उत्तरसूचीपलीकडे काही वाचतच नाहीत.

लोकमान्यनगर: शेवटचे वाक्य नसते, तर मी उत्तर दिले नसते. मी हाच विषय शिकवते आणि अशा कॉप्यांचा गठ्ठा नुकताच हातावेगळा केला आहे, तेव्हा उत्तरसूचीपलीकडे काय काय वाचावे लागते ते सांगते. विधान राष्ट्रपतींच्या निवडीविषयी होते. मुलांना शिकवले होते ते असे, की संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून राष्ट्रपतींना निवडतात, आणि हे मुलाच्या ध्यानात राहिले आहे की नाही, एवढेच त्या अर्ध्या गुणात तपासायचे असते. तुमच्या मुलीच्या वाक्यावरून तिला उपराष्ट्रपतींची निवड ठाऊक आहे हे कळते, राष्ट्रपतींची ठाऊक आहे की नाही हे मुळीच कळत नाही. विचारलेले टाळून आपल्याला येते ते लिहिणे ही मुलांची जुनी युक्ती आहे, आणि तिला गुण दिला तर पुढच्या परीक्षेत अर्धा वर्ग तेच करील. उद्या कोणी ‘राष्ट्रपती हे देशाचे घटनात्मक प्रमुख असतात’ असे लिहील. तेही खरेच आहे. त्यालाही गुण द्यायचा का?

रामबाग: बाई, मीही या विषयाच्या कॉप्या तपासण्यातच नोकरी घालवली आणि तुमच्या गठ्ठ्याविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, पण या प्रकरणात चूक मुलीची नसून पेपर काढणाऱ्याची आहे. विधानातला कोणता भाग बदलायचा हे प्रश्नात सांगितलेले नव्हते. ‘संसदेचे सर्व सदस्य’ या शब्दांखाली रेघ मारून ‘अधोरेखित भाग बदलून विधान सत्य करा’ असे लिहिले असते, तर हा वाद उद्भवलाच नसता. रेघ नाही, याचा अर्थ वाक्याच्या दोन्ही टोकांना हात लावण्याची मुभा आहे, आणि मुलीने ती वापरली.

आता त्याच विधानावर हमखास येणारी उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक मुलगा लिहितो, ‘राष्ट्रपतींची निवड संसदेचे सर्व सदस्य करत नाहीत.’ यात नवी माहिती शून्य आहे, कारण ‘असत्य’ लिहिले तेव्हाच हे सांगून झाले होते, म्हणून दुरुस्तीचा गुण शून्य. दुसरा लिहितो, ‘राष्ट्रपतींची निवड खासदार आणि आमदार करतात.’ यावर बहुतेक सगळेच तपासनीस बरोबरची खूण करून पुढे जातात, मीही केली आहे, पण घटनेच्या अनुच्छेद 54 मधला महत्त्वाचा शब्द ‘निर्वाचित’ हा त्यात नाही. राज्यसभेतले 12 नामनिर्देशित सदस्यही खासदारच असतात आणि त्यांना राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत नसते. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या सदस्यालाही आमदार म्हणतात आणि त्यालाही नसते. तिसरे उत्तर या मुलीचे. अनुच्छेद 66 प्रमाणे उपराष्ट्रपतींना संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य निवडतात, निर्वाचित आणि नामनिर्देशित दोन्ही, म्हणजे तिच्या वाक्यातला ‘सर्व’ हा शब्दसुद्धा अचूक बसतो. दुसऱ्याला पूर्ण गुण आणि तिसरीला शून्य देणारा तपासनीस उत्तर तपासत नाही, ते सूचीसारखे दिसते का एवढेच पाहतो.

तुमच्या ‘घटनात्मक प्रमुख’वाल्याला मीही गुण देणार नाही. एकच भाग बदलायचा, बाकीचे वाक्य तसेच ठेवायचे आणि ‘नाही’ घालून सुटका करून घ्यायची नाही, एवढी अट पुरते. त्याने वाक्यच बदलले, मुलीने एक शब्द बदलला.

पलासिया: वकिलीत असल्यामुळे दोन शब्द. मास्तरांचे निर्वाचितांविषयीचे म्हणणे योग्य आहे, परंतु नामनिर्देशित सदस्याला मताचा अधिकार नाही हे तत्त्व दोन्ही निवडणुकांना लागू होते, त्यामुळे मुलीच्या वाक्यातला ‘सर्व’ हा शब्द चुकीचा ठरतो आणि गुण कापला हेच योग्य झाले.

रामबाग: वकीलसाहेब, लागू होत नाही. अनुच्छेद 54 मध्ये ‘निर्वाचित’ आहे, 66 मध्ये नाही, आणि घटनाकारांनी हा फरक विसरून ठेवलेला नाही. वर्गात हे समजावून देण्यासाठी आपल्या इंदूरइतके सोयीचे गाव नाही. 2002 साली जुलैत राष्ट्रपतींची आणि ऑगस्टमध्ये उपराष्ट्रपतींची निवडणूक झाली. तेव्हा सुमित्राताई महाजन इंदूरहून निवडून गेलेल्या खासदार होत्या, त्यांना दोन्हीकडे मत होते. याच गावात जन्मलेल्या लताबाई मंगेशकर तेव्हा राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्य होत्या, त्यांना अब्दुल कलामांच्या निवडणुकीत मत नव्हते आणि भैरोंसिंह शेखावतांच्या निवडणुकीत होते. हे उदाहरण एकदा फळ्यावर मांडले, की मुले ‘निर्वाचित’ हा शब्द सोडत नाहीत.

पलासिया: 66 पुन्हा पाहिला. ठीक आहे, त्यात ‘निर्वाचित’ नाही. पण मग विधान परिषदेचे उदाहरण देण्यासाठी महाराष्ट्रात कशाला जायचे? अनुच्छेद 168 मध्ये दोन सभागृहांच्या राज्यांत मध्य प्रदेशाचे नाव छापलेलेच आहे.

नंदानगर: वकीलसाहेबांनी माझ्या जुन्या जखमेवर बोट ठेवले! एका स्पर्धा परीक्षेत ‘मध्य प्रदेशाचे विधानमंडळ एकसदनी आहे’ असे विधान आले होते. मी मूळ घटना वाचून गेलो होतो, 168 मध्ये मध्य प्रदेश पाहिला होता, म्हणून ‘असत्य’ लिहिले आणि गुण गेला. गाइड पाठ करणारे उत्तीर्ण होतात आणि घटना वाचणारा नापास होतो, हा कुठला न्याय?

लोकमान्यनगर: तुम्ही घटना वाचली, तिच्या खालची तळटीप वाचली नाही. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने 168 मध्ये मध्य प्रदेशाचे नाव घातले, पण ते अंमलात येण्याची तारीख नेमायची होती आणि ती आजवर नेमली गेलेली नाही. म्हणून नाव आहे आणि परिषद नाही. भोपाळला जाऊन पाहा, 230 जागांची विधानसभा दिसेल, दुसरे सभागृह दिसणार नाही. विधान सत्यच होते.

नंदानगर: म्हणजे विद्यार्थ्याने तळटिपाही पाठ करायच्या! ज्याने ते विधान काढले त्याला तरी ही तळटीप ठाऊक होती का? पैजेवर सांगतो, नसणार.

पलासिया: नंदानगरकरांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. कायद्याच्या मजकुरात जे छापले आहे, ते वाचून दिलेल्या उत्तराला चूक म्हणण्याआधी परीक्षकाने प्रश्नात ‘सध्या’ हा शब्द घालायला हवा होता.

लोकमान्यनगर: ‘आहे’ या क्रियापदाचा अर्थ ‘सध्या आहे’ असाच असतो, वकीलसाहेब. जी परिषद कधी भरलीच नाही, ती कागदावर आहे म्हणून गुण मागणे हा कोर्टातला डाव झाला, नागरिकशास्त्र नव्हे.

पलासिया: कोर्टातला डाव म्हणून हिणवण्याची गरज नव्हती. घटना शेवटी कोर्टातच वाचली जाते, स्टाफरूममध्ये नाही.

सुदामानगर: विधान परिषद बाजूला ठेवता का? माझा अर्धा गुण अजून तिथेच अडकला आहे. शिवाय आमच्या मध्य प्रदेश बोर्डाच्या पेपरात नुसते सत्य-असत्य असते, दुरुस्ती विचारतच नाहीत. मग शाळेने हा जादा उपद्व्याप करायचाच कशाला?

लोकमान्यनगर: कारण नुसत्या सत्य-असत्यात डोळे मिटून लिहिणाऱ्यालाही निम्मे गुण मिळतात, ताई. दुरुस्ती मागितली की अंदाज उघडा पडतो. शाळेने जास्त काम अंगावर घेतले आहे, त्याबद्दल तरी टोमणा नको.

रामबाग: इथे बाईंशी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच आग्रह धरतो, की दुरुस्तीचा अर्धा गुण ज्ञानाला मिळावा. अंदाजाने ‘उपराष्ट्रपती’ सुचत नाही.

लोकमान्यनगर: मास्तर, तुमचा अनुभव मोठा आहे, पण इथे तुम्ही भोळे आहात. मुले ‘राष्ट्रपती’ दिसला की ‘उपराष्ट्रपती’, ‘लोकसभा’ दिसली की ‘राज्यसभा’ असे जोडीचे नाव सरसकट बदलून पाहतात. याच विधानावर माझ्याकडे ‘लोकसभेच्या अध्यक्षांची निवड संसदेचे सर्व सदस्य करतात’ असेही आले होते, आणि त्यांना तर फक्त लोकसभेचे सदस्य निवडतात. एकाचा बाण लागला, दुसऱ्याचा चुकला. लागलेल्याला ज्ञानी म्हणायचे? खात्री करायची असेल तर तोंडी विचारा.

सुदामानगर: आत्ताच विचारले. राष्ट्रपतींना कोण निवडतो, तर म्हणाली, ‘खासदार आणि सगळ्या राज्यांचे आमदार.’ मी मुद्दाम पुढे विचारले, की राज्यसभेवर राष्ट्रपती ज्यांची नेमणूक करतात ते बाराजण मत देतात का? जरा थांबून म्हणाली, ‘देत असतील.’ पण मग ‘उपराष्ट्रपती’ का लिहिलेस, तर म्हणे, बाईंनी वर्गात सांगितले होते की त्यांना फक्त संसद निवडते, विधानसभा नाही. अंदाज नव्हता तो.

लोकमान्यनगर: म्हणजे ‘निर्वाचित’ तिला ठाऊक नव्हते. माझा मुद्दा तुमच्याच घरात सिद्ध झाला, आभारी आहे.

रामबाग: अर्धाच सिद्ध झाला. ‘खासदार आणि आमदार’ लिहिणाऱ्या ज्या मुलांना गुण मिळाला, त्यांनाही हे बाराजण विचारून पाहा, बहुतेकांचे उत्तर ‘देत असतील’ हेच येईल. तेव्हा एकतर त्यांचाही अर्धा कापा, नाहीतर हिचा द्या. तिच्या शाळेतल्या बाईंनी वर्गात फरक सांगितला, तो मुलीने लक्षात ठेवला आणि कागदावर उतरवला, त्यावर शून्य देणे मला पटत नाही.

लोकमान्यनगर: माझ्या तपासलेल्या कॉप्या मी पुन्हा उघडणार नाही, आणि या ताईंच्या शाळेतल्या बाईंनीही उघडू नयेत असे माझे मत आहे, कारण एकीसाठी उघडली की सगळ्या वर्गाची उघडावी लागते. अर्धवार्षिकीला मात्र माझ्या पेपरात विधानाखाली रेघ असेल आणि सूचीत ‘निर्वाचित’ शब्दासाठी वेगळा पाव गुण असेल. मग ‘पाव गुण कापला’ म्हणून तक्रारी आल्या, की त्या मास्तरांकडे पाठवीन.

नंदानगर: आणि 168 ची तळटीप सूचीत असेल का?

लोकमान्यनगर: नववीला नाही. तुमच्यासाठी असेल.