लाईट गेल्यावर सर्व्हो घर विसरतो: ॲब्सोल्यूट एन्कोडर घेऊ का?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी: टॉवेल आडवा कापायच्या मशीनवर सर्व्हो आहे. 10 मि.मी. पिचचा बॉल स्क्रू, 2500 लाइनचा इन्क्रिमेंटल एन्कोडर. लाईट आली की होमिंग करावं लागतं. पाती मधेच अडकलेली असली तर परत येताना टॉवेल फाडते. कधीकधी होमच सरकतो, मग काठाचा शेवटचा सेंटिमीटर कापायचा राहतो. विक्रेता म्हणतो, 23 बिटचा ॲब्सोल्यूट घ्या, कटिंग सुधारेल.

सर्व्होप्रेमी: डोळे झाकून घ्या. तुमचे फेऱ्याला 2500 कुठे आणि 23 बिटचे 83 लाख कुठे! होमिंगची कटकटच संपली.

जुना पॅनेलवाला: 2500 नाही, ड्राइव्ह चौपट मोजतो, म्हणजे फेऱ्याला 10,000. स्क्रू 10 मि.मी.चा, म्हणून एक काउंट एक मायक्रॉनचा. टेरीचं कापड हाताने ओढलं तरी दोन-तीन मि.मी. ताणतं, तिथे 23 बिट काय करणार? कटिंग सुधारेल हे विसरा.

होम सरकतो त्याचं कारण वेगळं आहे. सरकतो तेव्हा बरोबर एक फेरा, 10 मि.मी.च सरकतो ना? सेन्सर लागल्यावर ड्राइव्ह पुढचा झेड पल्स शोधतो आणि तो फेऱ्यात एकदाच येतो. सेन्सर झेडच्या अगदी तोंडावर लागत असेल तर आज हा झेड पकडतो, उद्या जरा उशिरा लागला की पुढचा. सेन्सर लागल्यापासून झेडपर्यंत किती काउंट जातात ते बघा. 5000 च्या आसपास हवेत. शून्याजवळ किंवा 10,000 जवळ असतील तर सेन्सर 5 मि.मी. सरकवा. खर्च एका पान्याचा.

लूमवाला: माझ्या रेपियरला यूपीएस लावला, त्रास संपला. तुम्हीही लावा.

टॉवेलवाला: अहो, लूम नाही, कटिंग मशीन आहे. पण दादा, खरंच 10 मि.मी.च सरकतो! आणि पाती अडकते त्याचं काय?

जुना पॅनेलवाला: तिथे मात्र ॲब्सोल्यूट जिंकतो. लाईट आल्या आल्या पाती कुठे आहे ते त्याला माहीत असतं, मग आधी पाती उचलायची का कट पूर्ण करायचा ते तुम्ही ठरवा. पण मल्टिटर्नच घ्या. सिंगलटर्नला एका फेऱ्यातली जागा कळते, कितवा फेरा ते नाही. आणि नुसती मोटर बदलून भागणार नाही, तुमच्या जुन्या ड्राइव्हला तो एन्कोडर वाचता येणार नाही. ड्राइव्ह आणि केबलही आली.

सर्व्होप्रेमी: म्हणजे मी बरोबरच होतो, होमिंग संपलं.

मेंटेनन्सवाली, चिंचोळी: संपलं कसलं! आमच्याकडे बॅटरीवाला मल्टिटर्न आहे. सुट्टीत मेन बंद, बॅटरी मेली, सोमवारी ड्राइव्हवर अलार्म आणि फेऱ्यांचा हिशोब गायब. पुन्हा हाताने झीरो सेट केला. आता बॅटरी ड्राइव्हचा कंट्रोल सप्लाय चालू ठेवूनच बदलते. कपलिंग घसरलं तर तो बिनधास्त चुकीची जागा सांगतो, अलार्मसुद्धा देत नाही.

जुना पॅनेलवाला: मान्य. बिनबॅटरीचे मल्टिटर्नही मिळतात, पण एवढ्या एका पातीसाठी मी आधी होमिंगच्या प्रोग्राममध्ये पाती वर उचलायची पायरी घालीन.

टॉवेलवाला: पाती हवेच्या सिलिंडरवर आहे, लाईटबरोबर कॉम्प्रेसरही जातो. टाकीत हवा उरलेली असते का तेवढी?

मेंटेनन्सवाली, चिंचोळी: लाईट घालवून गेजकडे बघा. आमच्याकडे उरते, गळती असेल तर सांगता येत नाही.